नाहीस ते नाहीच: ब्रेकअपचं गाणं समोरच्याच्या बाजूने लिहिताना

आधी एक छोटं गाणं वाचा. ते मी या लेखासाठीच रचलं आहे, म्हणजे ते मोकळेपणाने उलगडून बघता येईल. पुण्यातला एक बसस्टँड, जुलैची रात्र. ती नोकरीसाठी कोल्हापूरला चालली आहे आणि परत येणार नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. गाणं त्याचं आहे.

पावसात उभा राहिलो मी
वळून पाहिले नाहीस तू

चहा तुझा तो निवून गेला
फोन वाजुनी थकून गेला
खिडकीची तू काच लावली
वळून पाहिले नाहीस तू

पाकिटात तू किल्ली दिलीस
अक्षर एकही ना लिहिलेस
गाडी दहाची सुटली तरी
वळून पाहिले नाहीस तू

आपल्याला आता तिचं गाणं लिहायचंय. पाऊस तोच, चहा तोच, बसही तीच. ऐकणाऱ्याला दोन्ही गाण्यांत एकच रात्र दिसली पाहिजे, आणि तरी दुसरं गाणं संपताना पहिल्याबद्दल त्याला वेगळं वाटायला हवं. हे कसं जमवायचं ते मी याच गाण्यावर, माझ्या चुकलेल्या ओळींसकट, करून दाखवतो.

तुम्ही सरावाला दुसरं एखादं गाणं घेणार असाल, तर त्यात निदान चार-पाच हाताला लागणाऱ्या वस्तू किंवा घडलेल्या गोष्टी आहेत का, एवढं आधी बघा. ज्या गाण्यात नुसतं मन तुटतं, आभाळ फाटतं आणि डोळे भरतात, ते उलटवता येत नाही. भावनेला दुसरी बाजू नसते, चहाच्या कपाला असते.

पंचनामा

कोऱ्या कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे फक्त तेवढंच लिहा जे स्टँडवरच्या चहावाल्यानेही पाहिलं असतं. उजवीकडे गाणाऱ्याने त्याचा जो अर्थ लावला तो लिहा.

आपल्या गाण्याची डावी बाजू अशी भरते. पाऊस पडत होता. तो उभा होता. तिच्यासाठी घेतलेला चहा तिने प्यायला नाही. फोन वाजला, तिने उचलला नाही. तिने खिडकीची काच लावली. किल्ली पाकिटात घालून दिली आणि पाकिटावर काही लिहिलेलं नव्हतं. दहाची गाडी सुटली. तिने मागे वळून पाहिलं नाही. बस, एवढंच.

उजवी बाजू भरताना शब्दांवर बोट ठेवून वाचावं लागतं. फोन 'थकून' गेला, असं तो म्हणतो. फोन थकत नाही, थकवा त्याचा आहे. 'एकही' हा शब्द घ्या. चहावाल्याने कोरं पाकीट पाहिलं असतं, पण त्यावर एखादं अक्षर असायला हवं होतं ही अपेक्षा त्याची नाही. 'सुटली तरी' मधला 'तरी' तसाच: गाडी सुटताना तिने वळायला हवं होतं, हे त्या दोन अक्षरांत दडलंय. आणि 'राहिलो'. तो नुसता उभा नव्हता, 'उभा राहिला', म्हणजे टिकून राहिला, तिच्यासाठी. चहावाल्याला एवढंच दिसलं असतं, की एक माणूस उभा आहे.

मला या कामातली सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच वाटते. त्याचं सगळं दुःख चार बारीक शब्दांत आहे: राहिलो, थकून, एकही, तरी. घटनांना हात लावायची गरजच नाही, हे चार शब्द काढून घेतले की घटना मोकळ्या होतात.

डावी बाजू मात्र पवित्र माना. नवशिक्यांची पहिली धाव नेमकी इथेच नवी घटना घालण्याकडे असते. तिला मोठा आजार होता आणि तिने लपवला. घरच्यांनी शपथ घातली. त्याचं भलं व्हावं म्हणून ती दूर गेली. मी सुरुवातीला अशी किमान तीन गाणी लिहिली आहेत. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं हे खरं, पण पुढच्याच क्षणाला तो म्हणतो, "अच्छा, म्हणजे तिचा नाइलाज होता." झालं. पहिलं गाणं एक गैरसमज ठरतं आणि तिच्या गाण्यातला निर्णयही तिचा राहत नाही. तिला आपल्या मनाने जाऊ द्या. ते जास्त अवघड आहे आणि जास्त खरंही.

तिची तारीख

दोन माणसं एकाच दिवशी वेगळी होत नाहीत. त्याच्यासाठी हे नातं जुलैतल्या त्या रात्री स्टँडवर संपलं. तिच्यासाठी कधी संपलं? ओळ लिहायच्या आधी ती तारीख कागदावर लिहा.

मी लिहिलं: फेब्रुवारी. कामावरून घरी येऊन तिने कोल्हापूरच्या नोकरीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "बघू." मान मोबाईलमधून वर आली नाही. भांडण झालं नाही, कोणी रडलं नाही. तिने कुकर लावला.

हा प्रसंग गाण्यात कुठेही येणार नाही. तो घातला तर डाव्या बाजूला नवी नोंद केल्यासारखं होईल. पण त्याने गाण्याचा आवाज ठरतो. त्याच्यासाठी जखम ताजी आहे, तिची पाच महिने जुनी. म्हणून तिच्या गाण्यात हुंदका नको, प्रश्नांची सरबत्ती नको, आणि "आज मी ठरवलं" असा क्षणही नको. ठरवून झालेलं आहे. तिचा आवाज बॅग भरून झालेल्या माणसाचा आहे.

तारीख न लिहिता सुरुवात केली की काय होतं ते लगेच ओळखू येतं. दोन्ही गाण्यांत सारखंच रडू येतं, फक्त 'मी' आणि 'तू' यांची अदलाबदल झालेली असते. तसं झालं असेल तर शब्द बदलत बसू नका, तारखेकडे परत या.

वस्तूच्या पलीकडच्या बाजूला जा

आता डावीकडची एकेक वस्तू घ्या आणि स्वतःला विचारा: तो जिथे उभा होता तिथून याचं काय दिसत नव्हतं?

चहा घ्या. त्याला बाहेरून कप दिसतो आणि चहा निवलेला दिसतो. आत काय आहे? मी ठरवलं की आत साखर आहे, आणि ती बिनसाखरेचा पिते. एवढंच. चहा त्यानेच सांगितला होता, नेहमीसारखे दोन, दोन्ही गोड. ही नवी घटना आहे का? नाही. तोच कप, तोच चहा, आणि चहावाल्याला विचारलं तर तोही सांगेल की साखर घातली होती. शिवाय त्याने काही वाईट केलेलं नाही. चहा घेऊन दिला, तोही पावसात. त्याला फक्त ठाऊक नव्हतं.

फोनच्या बाबतीत मी आधी रेंज नसल्याचं लिहिलं होतं. तो बहाणा होता, म्हणून खोडला. मग लिहिलं की फोन पर्समध्ये तळाशी होता. तोही बहाणाच. ज्या कारणाने तिची सुटका होते ते कारण कच्चं समजा. शेवटी ठरलं की फोन तिच्या हातातच होता. तो वाजत होता आणि ती बघत होती. हे तिला सोयीचं नाही, म्हणूनच ते पटतं.

काचेबाबत मात्र मी साफ चुकलो होतो, आणि ती चूक सांगण्यासारखी आहे. पहिल्या मसुद्यात ती वळली नाही, कारण काचेत तिला तो दिसतच होता. मला ही ओळ फार आवडली होती. नंतर एकदा रात्रीच्या बसने जाताना मी खिडकीशी बसून बघितलं. आत दिवा लागलेला असतो आणि बाहेर अंधार असतो, तेव्हा काच आरशासारखी होते. बाहेरचं काही दिसत नाही, आपलाच चेहरा दिसतो. पावसाचे थेंब असले तर तोही मोडका. म्हणजे ती काचेत बघत असेल तर तिला तो नाही, ती स्वतःच दिसणार. आवडती ओळ गेली, पण तिच्या जागी आलेली गोष्ट कितीतरी चांगली निघाली. तुमच्या गाण्यातल्या वस्तूही अशाच प्रत्यक्ष जाऊन बघा. कल्पनेने लिहिलेली वस्तू पहिल्या गाणाऱ्याच्याच बाजूने झुकते, कारण आपण ती त्याच्याच डोळ्यांनी पाहिलेली असते.

उरली गाडी. "गाडी दहाची सुटली," असं तो म्हणतो. आपण मराठीत 'दहाची गाडी' हे नाव म्हणून वापरतो. ती अकराला सुटली तरी दहाचीच असते. त्याच्या ओळीत गाडी किती वाजता सुटली हे सांगितलेलंच नाही! मला हा सापडलेला पैसा वाटला. तिच्या गाण्यात गाडी अकराला सुटते. म्हणजे तो एक तास तिथे उभा होता, ती एक तास आत बसली होती, दार उघडं होतं. त्या तासात कोणीच काही केलं नाही. मी त्यावर एक शब्दही बोलत नाही, फक्त वेळ सांगतो.

मूळ गाण्याने जे सांगितलं ते खोटं पाडायचं नाही. त्याने जिथे सांगायचं सोडलं, त्या फटीत शिरायचं. पहिलं गाणं पुन्हा वाचताना 'किती वाजता', 'कुठे', 'आत काय', 'कोणी आणलं' हे प्रश्न विचारत गेलात तर तीन-चार फटी हमखास सापडतात. दोन वापरल्या तरी पुरे.

'मी' आणि 'तू' बदलले की मात्रा मोडतात

इथे मराठीचं व्याकरण मधे येतं, आणि ते मदतच करतं.

मूळ गाण्याची प्रत्येक ओळ 16 मात्रांची आहे. ह्रस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराच्या आधीचं अक्षर ह्रस्व असलं तरी बहुधा दोन. 'वळून' चार, 'पाहिले' पाच, 'नाहीस' पाच, 'तू' दोन. झाले सोळा. आठ मात्रांच्या केरवा तालाची दोन आवर्तनं. चाल तीच ठेवायची असेल तर तिच्या ओळीही सोळाच्याच हव्यात.

आता 'चहा तुझा तो निवून गेला' मधे 'तुझा'च्या जागी 'माझा' घालून बघा. 'तुझा' तीन मात्रांचा, 'माझा' चारांचा. ओळ सतराची झाली आणि गाताना अडखळली. 'पावसात उभा राहिलो मी' चं 'राहिलास तू' केलंत तर तेही सतरा. नुसती सर्वनामं बदलून गाणं उलटवता येत नाही, ते या हिशोबातच कळतं. ओळ पुन्हा रचावी लागते.

पण ही सक्ती कधीकधी नेमका शब्द हातात देते. 'राहिलास' बसेना म्हणून मी 'होतास' घातलं: 'पावसात उभा होतास तू'. बरोबर सोळा. आणि बघा, पंचनाम्यात जो शब्द त्याच्या बाजूचा म्हणून सापडला होता तोच गळाला. तो 'उभा राहिला' नाही, 'उभा होता'. तिने त्याचा त्याग नाकारलेला नाही आणि मान्यही केलेला नाही, जे दिसलं ते सांगितलं.

दुसरी अडचण क्रियापदाची. मराठीत 'मी राहिलो' म्हटलं की पुरुष आणि 'मी राहिले' म्हटलं की स्त्री, हे लगेच कळतं. म्हणून गाण्याची बाजू बदलली की यमकंही हलतात. पण 'मी चहा घेतला', 'मी किल्ली दिली' अशा वाक्यांत क्रियापद चहाच्या आणि किल्लीच्या मागे जातं, बोलणारा कोण ते कळत नाही. तिच्या गाण्यात मी एकाच ठिकाणी स्त्रीलिंगी क्रियापद ठेवलं आहे, काचेच्या ओळीत: 'काचेमधे मी दिसले मला'. तोवर गाणं कोणाचं ते ऐकणाऱ्याने ओळखलेलं असतं, पण ती स्वतः त्या ओळीत पहिल्यांदा दिसते. दोघंही पुरुष किंवा दोघी स्त्रिया असतील तर हा आधार मिळत नाही. मग बाजू बदलल्याचं पहिल्याच ओळीत एखाद्या वस्तूने दाखवून द्यावं लागतं.

ध्रुवपद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण ही ओळ तीनदा येते आणि पहिल्या गाण्यातली ओळ ऐकणाऱ्याच्या कानात अजून असते.

'वळून पाहिले नाहीस तू' याचं सरळ उलट रूप 'वळून पाहिले नाही मी'. मोजा: पंधरा. 'नाहीस' मधला 'स' गेला आणि एक मात्रा कमी पडली. गाताना 'मी' जरा लांबवून वेळ मारून नेता येते. मी आठवडाभर तसंच गात होतो, पण ओळ पांगळी वाटत होती. ती माफी मागितल्यासारखी ऐकू येई.

मग ती एक मात्रा भरायला अक्षर शोधलं आणि 'च' सापडला.

वळून पाहिले नाहीच मी

सोळा मात्रा. 'स' च्या जागी 'च', बाकी काही बदललं नाही. 'नाहीस' मधे तक्रार होती, 'नाहीच' मधे ठरवणं आहे. तिने वळून पाहिलं नाही ही घटना तीच राहिली, पण त्याच्या गाण्यात ती त्याच्याबाबतीत घडते आणि तिच्या गाण्यात ती स्वतः ती करते. तुमच्या ध्रुवपदातही असा एका अक्षराचा बदल सापडतो का, ते आधी धुंडाळा. ओळ जितकी मूळच्या जवळ राहील, तितका फरक जास्त टोचतो.

हा 'च' सापडल्याच्या आनंदात मी किल्लीच्या ओळीतही 'दिलीच' आणि 'सुचलेच' केलं होतं. मात्रा बसल्या, यमकही जमलं, पण गाऊन बघितलं तर सगळं गाणं हट्टी वाटायला लागलं. 'च' फक्त ध्रुवपदासाठी राखून ठेवला.

वकीलपत्र घेऊ नका

आपल्याकडे दोन बाजूंनी गाण्याची मोठी परंपरा आहे. कलगी-तुऱ्यात कलगीवाले शक्तीची बाजू घेतात, तुरेवाले शिवाची, आणि सवालाला जवाब देत फड रंगतो. तिथे समोरच्याला निरुत्तर करायचं असतं. ब्रेकअपच्या गाण्यात तोच सूर लावला की ते घटस्फोटाच्या कागदपत्रांसारखं होतं.

अमेरिकेत 1952 साली हँक थॉम्पसन या गायकाच्या एका गाजलेल्या गाण्याला किटी वेल्स या गायिकेने त्याच चालीवर उत्तर दिलं होतं. पहिल्या गाण्यात सोडून गेलेल्या बाईला दोष दिला होता, दुसऱ्यातली बाई ज्यूकबॉक्सवर तेच गाणं ऐकत बसलेली असते आणि सांगते की दोष नेहमी बाईचाच नसतो. ते तिथल्या कंट्री संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. ते शब्द एका पुरुषाने, जे. डी. मिलरने लिहिले होते, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे: दुसऱ्याच्या बाजूने लिहायला आपण तो दुसरा असावं लागत नाही. पण ते गाणं मुद्द्याला मुद्दा देतं. आपण इथे जे करतोय त्यात मुद्दा नाही, तीच रात्र आहे.

माझ्या मसुद्यात दुसऱ्या अंतऱ्याची तिसरी ओळ आधी अशी होती: 'तुला कधी ते कळले नाही'. आठ आणि आठ अशी सुरेख विभागलेली, गळ्यात चटकन बसणारी ओळ. मला ती काढायला जीव होत नव्हता. पण ती ओळ आली की ऐकणारा न्यायाधीश होतो. साखरेने जे नकळत सांगितलं होतं ते ही ओळ ओरडून सांगते आणि साखर वाया जाते. तिच्या जागी बसची वेळ आली. 'गाडी दहाची, सुटे अकराला' अठरा मात्रांचं होत होतं, म्हणून 'गाडी' ची 'बस' झाली.

मसुदा तपासताना 'तुला कळले नाही', 'तू कधीच', 'तुझ्यामुळे', 'माझी काय चूक' असे शब्द शोधा. सापडले की ती ओळ खोडा आणि तिथे डाव्या बाजूची एखादी वस्तू ठेवा. माझ्या अनुभवात दर वेळी ती जागा वस्तूने जास्त चांगली भरली.

तिचं पूर्ण गाणं असं झालं:

पावसात उभा होतास तू
वळून पाहिले नाहीच मी

चहात माझ्या साखर होती
फोन वाजला माझ्या हाती
काचेमधे मी दिसले मला
वळून पाहिले नाहीच मी

किल्ली ठेवता बोट अडले
सांगावे असे काय घडले
बस दहाची, सुटे अकराला
वळून पाहिले नाहीच मी

कोऱ्या पाकिटाबद्दल एक शब्द. त्याची तक्रार होती की तिने एक अक्षर लिहिलं नाही. तिचं उत्तर: सांगावं असं काय घडलं? हे फेब्रुवारीतून आलंय. भांडण, फसवणूक, तिसरं माणूस, यातलं काहीच नव्हतं, तर चिठ्ठीत लिहिणार काय? आणि 'बोट अडले' त्याआधी ठेवलं, म्हणजे ती दगड नाही एवढं कळतं. त्यापुढे मी गेलो नाही.

गाऊन बघताना

चाल आणि लय दोन्ही तशीच ठेवा. तिचं गाणं समजूतदार आहे म्हणून ते संथ करायचा मोह होतो, पण मग लोक चाल ऐकतात, शब्द नाही. फक्त पट्टी बदला. त्याचं गाणं काळी एकमध्ये बसत असेल तर तिचं साधारण काळी चारमध्ये बसेल. गळ्याप्रमाणे वरखाली करा.

श्वास कुठे घ्यायचा ते मात्र बदलावं लागतं. ध्रुवपदात 'पाहिले' मधला 'ले' पहिल्या आवर्तनातून दुसऱ्यात जातो. तो 'ले' ताणून पुढे 'नाहीस' वर किंचित आपटतो, तिथे त्याचा गळा दाटतो. तिच्या गाण्यात तोच 'ले' न ताणता सोडा आणि 'च' वर जोर देऊ नका. 'च' मधेच पुरेसा जोर आहे. 'काचेमधे मी' मधला 'मी' सुद्धा असाच समेवरून पलीकडे जातो, तिथे थोडं रेंगाळलं तर चालतं. 'काचेत मला मीच भेटले' असं लिहून ही ओळ आठ-आठ मात्रांत नीट कापता आली असती, पण ते वाक्य कोणी बोलत नाही.

तुम्ही दुसऱ्या कोणाच्या प्रसिद्ध गाण्यावर हा सराव केलात तर तो वहीत आणि मित्रमंडळींत ठेवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शब्दांचा हक्क वेगळा आणि चालीचा वेगळा असतो, आणि तो कवी किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. शब्द सगळे तुमचे असले तरी चाल त्यांची आहे. लोकांपुढे आणायचं तर परवानगी घ्या, नाहीतर मी केलं तसं पहिलं गाणंही स्वतःच रचा.

शेवटची तपासणी ऐकणाऱ्यांवर करा. दोन माणसं शोधा, त्यांना दोन्ही गाणी लागोपाठ ऐकवा, मधे काही समजावू नका. मग विचारा, "त्या रात्री काय काय झालं?" दोघांनी सांगितलेल्या यादीत पाऊस, चहा, फोन, काच, किल्ली, बस एवढं यायला हवं. एखादी जास्तीची गोष्ट आली, समजा "तिचं दुसरीकडे लग्न ठरलं होतं ना?", तर कुठल्यातरी ओळीतून ती गळते आहे, ती शोधा. त्यानंतर विचारा, "चूक कोणाची?" माझ्या दोन श्रोत्यांपैकी एकीने लगेच उत्तर दिलं नाही. दुसरा म्हणाला, "तासभर उभा होता, तर चढून आत का नाही गेला?" आणि मग स्वतःच म्हणाला, "पण तिने तरी उतरायचं ना." तिथे मी गाण्याला हात लावायचं थांबवलं.